‘ईमेल चालणार नाही, सहीचं पत्र आणा’

मी पुण्यातल्या केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. लिस्बनला १४ ते १७ सप्टेंबर या काळात होणाऱ्या परिषदेत माझा पेपर स्वीकारला गेलाय. तसा ईमेल २२ मे रोजी आला, पण मायना ‘डिअर ऑथर’ आणि खाली कुणाची सही नाही. आमचं अकाउंट्स म्हणतं, ‘ईमेल चालणार नाही, लेटरहेडवर सहीचं पत्र आणा, मग प्रवासखर्चाची फाईल पुढे सरकेल.’ आयोजकांना विचारलं तर उत्तर आलं, पत्र फक्त नोंदणी फी भरलेल्यांनाच मिळतं. आणि फी भरायची तर ऑफिसची मंजुरी आधी हवी! सवलतीच्या फीची मुदत ३० जूनला संपतेय. कुणाला लिहू, काय लिहू? आणि सारखं सारखं मागणं बरं दिसेल का?
— अधांतरी, पुणे

सप्रेम नमस्कार,

तुम्ही एक मागितलंत आणि आयोजकांनी दुसरंच ऐकलं, असं झालंय. परिषद भरवणाऱ्यांच्या कानावर ‘पत्र’ पडलं की त्यांना व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र आठवतं. त्या पत्राबाबत ते हात आखडता घेतात, त्यालाही कारण आहे. पेपर पाठवायचा, निमंत्रणपत्र मिळवायचं, त्यावर व्हिसा काढायचा आणि परिषदेच्या दाराशीही फिरकायचं नाही, असे महाभाग दरवर्षी निघतात. म्हणून आधी फी, मग पत्र असा नियम करून टाकलेला असतो आणि तो चौकशीच्या मेलला उत्तर देणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतो. त्यानं तुमचा मेल नीट वाचला असेलच असं नाही.

तुम्हाला हवंय ते याच्या अलीकडचं. पेपर तपासला गेला, स्वीकारला गेला, हा निर्णय २२ मे रोजीच झालाय. तो झाला आहे एवढंच कुणीतरी सही करून सांगायचंय. त्याचा फीशी संबंध नाही आणि त्यातून आयोजकांवर कसली जबाबदारीही येत नाही. तेव्हा नव्या मेलच्या पहिल्याच ओळीत ‘हे व्हिसाचं पत्र नव्हे, स्वीकृतीला दुजोरा देणारं पत्र हवंय’ असं स्वच्छ लिहा. व्हिसाचं पत्र फी भरल्यावर वेगळं मागा. दोन्ही एकाच कागदात बसवायला जाल तर दोन्ही अडकतील.

पण मेल लिहायच्या आधी एक फेरी आपल्याच ऑफिसात मारा. अकाउंट्समध्ये परदेश दौऱ्यांच्या फाईली जो कुणी हाताळतो त्याच्याकडे जा आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत मंजूर झालेल्या एखाद्या फाईलमधलं स्वीकृतीपत्र बघायला मागा. बाकीच्यांची माहिती झाकून दाखवली तरी चालेल. मी नोकरीची बरीच वर्षं अशाच एका टेबलामागे काढली. तिथून सांगतो, त्रुटी काढणाऱ्याला नेमकं काय हवंय हे विचारणारे फार थोडे येतात. बहुतेक जण तावातावानं परत जातात आणि आठवड्यानं त्याच त्रुटीचा दुसरा कागद घेऊन येतात. मंजूर झालेला नमुना डोळ्यांसमोर असला की आयोजकांकडे एकदाच मागता येतं.

अकाउंट्सवाले ईमेलवर का अडतात तेही समजून घ्या, म्हणजे पत्रात काय हवं ते आपोआप कळेल. तुमचा पेपर खोटा आहे असं त्यांना वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे असतो दोन-तीन वर्षांनी येणारा ऑडिटर. त्याला तुम्ही माहीत नसता, परिषद माहीत नसते, समोर फक्त फाईल असते. ‘डिअर ऑथर’ म्हणजे नेमकं कोण? पेपरवर चार लेखकांची नावं आहेत, मग हीच बाई का गेली? हा मेल कुणी टाईप केला? या प्रश्नांची उत्तरं फाईलमध्ये नसली तर आक्षेप निघतो आणि तो निस्तरायला तुम्ही नाही, ते बसतात.

पहिला प्रश्न नावाचा, आणि आपल्याकडे तो हमखास नडतो. पेपरवर आपण आद्याक्षरं आणि आडनाव लिहितो. सेवापुस्तकात आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेली दोन्ही नावं दुसऱ्या रकान्यात. त्यात लग्नाआधीच्या नावानं पीएच.डी. झालेली असेल आणि पेपर अजून त्याच नावानं छापत असाल तर एकाच बाईच्या तीन बाया होतात. आयोजकांकडे तुमचं जे नाव आहे ते पेपर पाठवताना तुम्हीच भरलेलं. ते जसंच्या तसं पत्रात आलं आणि सेवापुस्तकाशी जुळलं नाही, तर फाईल पुन्हा तुमच्या टेबलावर. म्हणून पत्रात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव मागा आणि पुढे ‘पेपरवर अमुक नावाने लेखिका’ एवढं जोडायला सांगा. सेवापुस्तकातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांतच फरक असेल तर तो आयोजक मिटवू शकत नाहीत. त्यासाठी ऑफिसच्या टिपणीत एक खुलाशाची ओळ घालून घ्या.

नावाइतकाच घोळ शीर्षकाचा होतो. परीक्षकांनी सुचवलं म्हणून अंतिम प्रत पाठवताना आपण शीर्षकात दोन शब्द बदलतो. पत्र आलेलं असतं जुन्या शीर्षकाचं, कार्यक्रमपत्रिका छापली जाते नव्या शीर्षकाची, आणि परत आल्यावर प्रवासभत्त्याच्या बिलासोबत दोन्ही कागद लागतात. शीर्षक बदलणार असाल तर आत्ताच ठरवा आणि पत्रात तेच घालायला सांगा. सोबत पेपरचा क्रमांक हवाच. इझीचेअर म्हणा, सीएमटी म्हणा, पेपर ज्या प्रणालीतून पाठवलात तिथे तो दिसतो. शीर्षकात उन्नीस-बीस झालं तरी क्रमांकावरून पेपर एकच आहे हे दाखवता येतं.

दुसरा प्रश्न, जायलाच कशाला हवं? करोनानंतर ऑनलाईन सादरीकरणाची सोय बऱ्याच परिषदांत आली आणि तेव्हापासून प्रत्येक फाईलवर कुणी ना कुणी हा शेरा मारतोच. परिषदेच्या वेबसाईटवर लेखकांसाठीच्या सूचना उघडून वाचा. निदान एका लेखकानं नोंदणी करून प्रत्यक्ष हजर राहून पेपर सादर करावा, नाहीतर तो कार्यवृत्तातून वगळला जाईल, असा नियम बहुधा सापडेल. सापडला तर त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा आणि तेच वाक्य पत्रात घालायची विनंती करा. सादरीकरण व्याख्यानाचं आहे की पोस्टरचं, तेही पत्रात असू दे. पोस्टर असेल तर पोस्टरच लिहून घ्या. काही संस्था पोस्टरसाठी पैसे देत नाहीत हे खरं, पण ते आत्ता कळलेलं बरं. कार्यक्रमपत्रिकेतून ते पुढे कळणारच आहे. आणि ऑनलाईनची मुभा खरोखरच असेल तर नसल्यासारखं लिहून मागू नका. प्रत्यक्ष जाण्याचं कारण तुमच्या स्वतःच्या अर्जात मांडा.

तिसरा प्रश्न खर्चाचा. इथे तुमची संस्था केंद्र सरकारची आहे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. परदेशी संस्थेनं तुमचा प्रवासखर्च उचलला किंवा राहण्या-जेवण्याची फुकट सोय केली, तर तो २०१०च्या परदेशी योगदान नियमन कायद्यानुसार ‘परदेशी आदरातिथ्य’ या सदरात मोडतो. सरकारी नोकरानं आणि सरकारच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालच्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं त्यासाठी केंद्राची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. गृह मंत्रालयाकडे एफसी-२ हा अर्ज ऑनलाईन करतात. त्यामुळे पत्रात खर्चाबद्दल अवाक्षर नसेल तर अकाउंट्सला कळत नाही की पैसे कोण देतंय, आणि प्रशासनाला कळत नाही की परवानगी लागणार की नाही. एका गप्प पत्रामुळे दोन टेबलं थांबतात. आयोजक काही देणार नसतील तर ‘प्रवास, निवास व नोंदणी यांचा खर्च सहभागी व्यक्ती किंवा तिची संस्था करील’ एवढं वाक्य पुरे. ते घालायला आयोजक आनंदानं तयार होतात, कारण त्यात त्यांचीही सुटका असते. ते काही देणार असतील, समजा फी माफ केली किंवा तीन रात्रींची खोली दिली, तर ते नेमकं लिहून घ्या आणि परवानगी लागेल का हे त्याच दिवशी प्रशासनाला विचारा.

हे तीन प्रश्न सुटले की उरतं ते सरळ आहे: परिषदेचं पूर्ण नाव, तारखा, ठिकाण, भरवणारी संस्था, पत्राची तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. शिक्क्याचा मात्र आग्रह धरू नका. आपल्याकडे सही-शिक्का हा जोडशब्दच झालाय. युरोपातल्या प्राध्यापकाच्या टेबलावर गोल शिक्का असेलच असं नाही, आणि ‘सील’ कशाला लागतं हे विचारणारा उलट मेल येण्यात दोन दिवस जातात. त्याऐवजी पत्र सही करणाऱ्यानं स्वतःच्या विद्यापीठाच्या ईमेल पत्त्यावरून पाठवावं अशी विनंती करा. तो मेल आणि वेबसाईटवर समितीच्या यादीत असलेलं त्याचं नाव, दोन्हींच्या प्रती पत्राला जोडा. माझ्या अनुभवात एवढ्यावर शिक्क्याची मागणी गळून पडते.

आता कुणाला लिहायचं. चौकशीच्या सर्वसाधारण पत्त्यावर तर मुळीच नाही, तिथून काय येतं ते तुम्ही पाहिलंतच. पेपर स्वीकारण्याचा निर्णय कार्यक्रम समितीचा, म्हणून दुजोराही तिच्या अध्यक्षांनी द्यायचा. वेबसाईटवर ‘कमिटी’च्या पानावर दोघं-तिघं सहअध्यक्ष असतील. त्यांतल्या एकालाच मेल करा. तिघांना केला की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. स्थानिक आयोजन समितीच्या अध्यक्षांना प्रत द्या, कारण लेटरहेड बहुधा त्यांच्या विद्यापीठाचं असतं. स्वीकृतीचा जो मेल आला त्याला थेट उत्तर देणार असाल तर आधी `Reply-To` समोर कुणाचा पत्ता आहे तो पाहून घ्या. प्रणालीतून सुटलेल्या मेलचं उत्तर कधी कधी कुणीच वाचत नाही.

वेळही सांभाळा. लिस्बन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड-दोन वाजता पाठवलेला मेल त्यांच्या टेबलावर सकाळी नवाच्या सुमाराला पडतो. १० जून हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन आणि १३ जूनला लिस्बन शहराची संत अंतोनियोची सुट्टी. त्या आठवड्यात शांतता असली तर मनाला लावून घेऊ नका. ऑगस्टवर मात्र काहीच ढकलू नका. तेव्हा दक्षिण युरोपातली विद्यापीठं जवळजवळ बंदच असतात.

मेल इंग्रजीतच जाईल, पण त्याचा आराखडा मराठीत देतो. वाक्यं अशीच आखूड ठेवा.

‘विषय: पेपर क्र. (क्रमांक) – स्वीकृतीपत्राची विनंती (व्हिसासाठी नाही), १२ जूनपर्यंत

प्रा. (आडनाव) यांस,

पेपर क्र. (क्रमांक), “(अंतिम शीर्षक)”, २२ मे रोजी स्वीकारला गेला. सादरीकरण मी करणार आहे. मी भारत सरकारच्या संशोधन संस्थेत काम करते. प्रवासखर्च आणि नोंदणी फी मंजूर करण्यापूर्वी माझ्या संस्थेला लेटरहेडवरील, सही केलेलं स्वीकृतीपत्र लागतं. त्या मंजुरीशिवाय मला फी भरता येत नाही, म्हणून हे पत्र नोंदणीच्या आधी हवं आहे. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र मी फी भरल्यावर आपल्या नेहमीच्या पद्धतीने मागेन.

आपला वेळ वाचावा म्हणून मजकुराचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात हवे ते बदल करावेत. स्कॅन केलेली सही चालेल, मूळ प्रत टपालाने नको. पत्र आपल्या विद्यापीठाच्या ईमेलवरून आलं तर माझ्या कार्यालयाला पडताळणी सोपी जाईल.

संस्थेकडून फी भरण्यासाठी प्रोफॉर्मा इनव्हॉइसही लागेल. तो कुणाकडे मागावा? आणि मंजुरीला ३० जूननंतर थोडे दिवस लागले, तर सवलतीचा दर राखून ठेवता येईल का?’

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम घातलेत. फी परकीय चलनात जाणार, तेव्हा बँकही इनव्हॉइस मागणार, अकाउंट्सही मागणार. तो इनव्हॉइस नोंदणीचं काम बघणाऱ्या कंपनीकडून येतो, कार्यक्रम समितीकडून नाही. सवलतीच्या दराचं म्हणाल, तर संस्थेच्या मंजुरीत अडकलेल्या लेखकाला आठ-दहा दिवसांची मुभा पुष्कळदा मिळते, पण मुदत संपायच्या आधी विचारलं तरच. १ जुलैला विचारणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

सोबत जोडायचा पत्राचा मसुदा साधारण असा:

‘प्रमाणित करण्यात येते की (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पेपरवर “…” या नावाने लेखिका), (हुद्दा), (संस्था), पुणे, यांचा पेपर क्र. (क्रमांक), “(शीर्षक)”, परीक्षणानंतर (परिषदेचे पूर्ण नाव) या परिषदेत (व्याख्यान/पोस्टर) म्हणून सादर करण्यासाठी स्वीकारण्यात आला आहे. परिषद १४ ते १७ सप्टेंबर या काळात (स्थळ), लिस्बन येथे होईल. सादरकर्त्या म्हणून यांचे नाव नोंदले आहे. परिषदेच्या नियमानुसार निदान एका लेखकाने प्रत्यक्ष उपस्थित राहून सादरीकरण करणे आवश्यक आहे. नोंदणी, प्रवास व निवास यांचा खर्च आयोजक करणार नाहीत. पेपरचा कार्यवृत्तातील समावेश नोंदणी पूर्ण होण्यावर अवलंबून राहील.’

ते शेवटचं वाक्य बघा. ते तुमच्या अकाउंट्ससाठी नाही, आयोजकांसाठी आहे. ‘फी न भरता पत्र दिलं आणि ही बाई आलीच नाही तर?’ ही त्यांची धास्ती त्यानं निघून जाते. तुम्ही स्वतःहून ते घातलंत की समोरच्याला नाही म्हणायला फारसं काही उरत नाही.

मसुदा साध्या वर्ड फाईलमध्ये पाठवा, वर कुठलंही बोधचिन्ह न लावता. वेबसाईटवरून लोगो उचलून, लेटरहेड सजवून ‘फक्त सही करा’ म्हणून पाठवणारे लोक मी पाहिलेत. हेतू वाईट नसतो, पण दुसऱ्याचं लेटरहेड आपण बनवायचं नसतं. तसंच, आलेल्या पत्रात स्पेलिंग चुकलं तर पीडीएफ उघडून स्वतः दुरुस्त करू नका. एका अक्षरासाठी पुन्हा मागायला संकोच वाटतो खरा, पण फाईलमधली प्रत आणि आयोजकांकडची प्रत वेगळी निघाली तर त्याला चूक म्हणत नाहीत, फेरफार म्हणतात.

पत्र येईपर्यंत फाईल हातावर घेऊन बसू नका. ‘पत्र आल्यावर टाकू’ म्हणाल तर जून तसाच जाईल. आजच अर्ज टाका. २२ मेचा मेल, परिषदेच्या वेबसाईटवरची स्वीकृत पेपरांची यादी लागली असेल तर ते पान, लेखकांच्या सूचना आणि फीचा तक्ता जोडा. टिपणीत लिहा की औपचारिक पत्र मागवलं आहे, ते आल्यावर सादर करते, तोवर तत्त्वतः मंजुरीसाठी प्रस्ताव विचारात घ्यावा. विभागप्रमुखांची शिफारस, रजा आणि कामाची पर्यायी व्यवस्था, कुठल्या लेखाशीर्षातून खर्च भागवायचा, परदेशगमनाची मंजुरी, यांतलं काहीच त्या पत्रावाचून अडत नाही. पत्र आलं की ते शेवटच्या टेबलावर नेऊन लावायचं.

वेळेचा हिशेब उलटा मांडून बघा. निघायचं १२ सप्टेंबरला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस, पण ते ४५पर्यंत नेऊ शकतात. ४५चा हिशेब धरला तर जुलैच्या अखेरीस अर्ज जायला हवा. त्याआधी भेटीची वेळ मिळायला हवी, सोबत व्हिसाचं निमंत्रणपत्र हवं, ते मिळायला फी भरलेली हवी आणि फीला मंजुरी हवी. म्हणजे मंजुरीचा आदेश जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात पडला पाहिजे. मेलमध्ये १२ जून ही तारीख घातली ती यासाठी. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलं की ते काम कुणाच्याच कॅलेंडरवर चढत नाही. जाता जाता, मंजुरी आली म्हणून घाईनं स्वस्तातलं तिकीट स्वतः काढू नका. केंद्राच्या खर्चानं होणाऱ्या विमानप्रवासाची तिकिटं २०२२पासून बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढायची आहेत. बाहेरून काढलेल्या तिकिटाचं बिल पास करून घेणं म्हणजे पुन्हा नव्यानं टिपण्या.

एवढं करूनही ‘फी आधी’ हाच ठेका राहिला तर दोन वाटा उरतात. एक, अध्यक्षांकडून त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावरून निदान चार ओळींचा मेल मिळवा, तुमच्या नावासह, पेपर क्रमांकासह, ‘स्वीकृत’ या शब्दासह. पत्र नाही, पण ‘डिअर ऑथर’पेक्षा कितीतरी भक्कम. तो प्रोफॉर्मा इनव्हॉइससोबत अकाउंट्सला द्या आणि एवढ्यावर फीपुरती मंजुरी मिळेल का ते विचारा. फी भरली की पत्राचा प्रश्न आपसूक सुटतो. दुसरी वाट म्हणजे फी स्वतःच्या कार्डावरून भरायची आणि नंतर प्रतिपूर्ती मागायची. पुष्कळ शास्त्रज्ञ हेच करतात. मात्र मंजुरीच्या आधी केलेला खर्च देता येत नाही असं सांगून ऑफिस हात वर करू शकतं, आणि कार्योत्तर मंजुरी हा कुणाच्या हक्काचा भाग नाही. तेव्हा भरण्याआधी ‘मंजुरीच्या अधीन राहून स्वतः फी भरण्यास हरकत नाही’ असं लेखी घ्या, आणि मंजुरी नाकारली गेली तर फीपैकी किती परत मिळते हे परिषदेच्या नियमांत पाहा. लेखी मिळत नसेल तर ती रक्कम बुडाली तरी झेपेल का, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. मी तरी तुम्हाला तसं करा म्हणणार नाही.

एक खात्री करून घ्या, रागावू नका. पेपर पाठवल्यावर दोन-तीन दिवसांत स्वीकारला गेला होता का? परीक्षकांचे शेरे आले नव्हते का? त्याच तारखांना, त्याच हॉटेलात, भलत्याच विषयांच्या आणखी परिषदा त्याच मंडळींनी लावल्यात का? तसं असेल तर पत्राच्या मागे लागण्याआधी परिषदेचाच विचार करा. अशा ठिकाणांहून पत्र मागितल्या तासाभरात येतं, लेटरहेड, सही, सोनेरी शिक्का सगळ्यासकट. तुमचे आयोजक पत्र द्यायला कुरकुरतायत, त्या अर्थी परिषद खरी असावी असं मला वाटतं.

आणि सारखं मागणं बरं दिसेल का, याबद्दल. ज्यांना तुम्ही लिहिणार आहात ती माणसंही कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या अकाउंट्सची शिकार असतात. परिषदेचं काम ती पगाराविना, स्वतःची शिकवणी सांभाळून करतात. त्यांना मागणीचा त्रास होत नाही, अर्धवट मागणीचा होतो. पहिला मेल आत्ता पाठवा. कामाचे चार दिवस गेले की त्याच मेलच्या साखळीत, मसुदा पुन्हा जोडून, दोन ओळींची आठवण करा: ‘१२ जून जवळ आला म्हणून विचारते. आपल्याला शक्य नसेल तर समितीतल्या कुणाला लिहू ते कळवावं.’ त्यानंतरही काही आलं नाही तर दुसऱ्या सहअध्यक्षांना लिहा आणि आधीचे दोन्ही मेल खाली दिसू द्या. फोन करायचा तर स्थानिक आयोजकांच्या विभागाच्या कार्यालयात, त्यांच्या सकाळच्या वेळी. दोन्ही मेल छापून हाताशी ठेवूनच फोन उचला, म्हणजे पेपर क्रमांक विचारला तर शोधाशोध नको.